टिटवाळ्याचा फ्लॅट विकायचा तर आधी रस्ता दाखवा

"१ बीएचके, स्टेशनपासून ५ मिनिटं, सर्व सुविधा, बँक लोन उपलब्ध, त्वरित संपर्क करा." टिटवाळ्याच्या इस्टेट एजंटांचे व्हॉट्सॲप स्टेटस आणि फेसबुक पोस्ट पाहिल्या, तर बिल्डिंगचं नाव आणि फोन नंबर सोडून बहुतेकांचा मजकूर हाच असतो. फोटोही बिल्डरने पाठवलेले आणि सगळ्यांकडे सारखेच. अशा पोस्टवर फोन येत नाहीत असं नाही. फोन भरपूर येतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

फोन करणारा पहिल्यांदा किंमत विचारतो, मग ईस्ट की वेस्ट, मग कार्पेट किती. दोन मिनिटांत फोन संपतो. त्यातल्या काहींना भाड्याने हवं असतं, काहींना टिटवाळा कल्याणच्या पुढे आहे हेच नीट माहीत नसतं. काहींचं बजेट फ्लॅटच्या किमतीएवढं असतं, पण वरचा खर्च त्यांनी धरलेलाच नसतो. एजंटाचा दिवस फोनवर जातो, रविवार साइट व्हिजिटमध्ये जातो आणि महिन्याच्या शेवटी हातात एखादा व्यवहार येतो किंवा तोही येत नाही. पोर्टलवरून लीड विकत घेतली तरी चित्र फारसं बदलत नाही. तोच नंबर इतर एजंटांकडेही गेलेला असतो आणि पार्टीला तासाभरात पाच फोन आलेले असतात.

गेल्या काही वर्षांत याला दोन पर्याय पुढे आले. एक म्हणजे व्हर्च्युअल टूर. घरात ३६० अंशांचा कॅमेरा फिरवून घेतलेली चित्रं बघणारा बोटाने हलवतो आणि खोल्याखोल्यांतून हिंडतो. दुसरा म्हणजे परिसरावरचा मजकूर: गाड्या, रस्ते, पाणी, शाळा, पावसाळा यांची माहिती देणारे व्हिडिओ आणि लेख. मुंबई-ठाण्याच्या मोठ्या प्रकल्पांत पहिला पर्याय बऱ्यापैकी रुजला आहे. टिटवाळ्यासारख्या ठिकाणी मात्र माझ्या मते दुसऱ्याचं वजन जास्त आहे. दोन्हींकडून अपेक्षाही वेगळी ठेवायला हवी. त्यांनी फोन वाढवायचे नाहीत. ज्याला हे घर परवडणार नाही किंवा सोयीचं पडणार नाही, त्याला फोन उचलण्याआधीच ते कळावं, एवढंच त्यांचं काम.

टिटवाळा मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर कल्याण, शहाड, आंबिवलीनंतर येतं. ते कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत आहे. पूर्वेला महागणपतीचं मंदिर, पश्चिमेला मांडा, जवळून वाहणारी काळू नदी. इथे घर घेणारा बहुधा मुंबई-ठाण्यात भाड्याने किंवा चाळीत राहणारा नोकरदार असतो. त्याला कल्याण-डोंबिवलीचा भाव झेपत नाही म्हणून तो तीन स्टेशनं पुढे बघतो. म्हणजे तो आपला वेळ देऊन पैसे वाचवत असतो. मग त्याचा खरा प्रश्न फ्लॅटच्या आतला नसतोच. घरातून किती वाजता निघायचं, गाडीत बसायला मिळेल का, रात्री साडेनऊला स्टेशनवर उतरल्यावर घरी कसं पोचायचं, पावसात तो रस्ता चालू राहतो का, हे त्याला हवं असतं. पोस्टमध्ये यातलं एकही उत्तर नसतं.

"स्टेशनपासून ५ मिनिटं" हेच घेऊ. साधारण चालीने माणूस मिनिटाला ऐंशी मीटर जातो, म्हणजे पाच मिनिटांत चारशे मीटर. टिटवाळ्यात नव्या बिल्डिंगा मोठ्या प्रमाणात उभ्या राहतात त्या याच्या पलीकडे, दीड-दोन किलोमीटरवर. तिथलं "५ मिनिटं" बाइकवरचं असतं किंवा रिकाम्या रस्त्यावर धावणाऱ्या रिक्षाचं. पार्टी एकदा चालून आली की तिला हे कळतं, आणि त्या क्षणापासून एजंटाच्या बाकीच्या शब्दांवरचाही तिचा विश्वास उडतो.

यावरचा उपाय फार स्वस्त आहे. प्लॅटफॉर्मच्या जिन्यावरून मोबाइलवर व्हिडिओ सुरू करायचा आणि बिल्डिंगच्या गेटपर्यंत न थांबवता, न कापता चालत जायचं. सुरुवातीला स्टेशनचं घड्याळ दाखवायचं, शेवटी हातातलं. दीड किलोमीटरला अठरा-वीस मिनिटं लागतील. एवढा लांब व्हिडिओ कोण बघणार, असं वाटेल. ज्याला घर घ्यायचं नाही तो बघणार नाही. ज्याला घ्यायचं आहे तो पूर्ण बघेल, घरच्यांना दाखवेल, आणि "रिक्षास्टँड कुठल्या बाजूला?" असा नेमका प्रश्न घेऊन फोन करेल. अशा फोनची किंमत चालू पोस्टवरच्या अनेक फोनांहून जास्त. सोबत लहान तुकडा हवा असेल तर तोच व्हिडिओ आठपट वेगाने चालवून दोन-अडीच मिनिटांचा करता येतो, फक्त कोपऱ्यात खरा वेळ लिहिलेला असावा. हाच रस्ता रात्री आठनंतर एकदा आणि जुलैमध्ये भर पावसात एकदा पुन्हा घ्यावा. दिव्यांचे खांब कुठे संपतात, कुठे पाणी साठतं, कुठल्या वळणावर रिक्षावाले पुढे यायला नाही म्हणतात, हे दिवसाच्या कोरड्या व्हिडिओत दिसत नाही.

रेल्वेबद्दलही असंच. "उत्तम रेल्वे कनेक्टिव्हिटी" या शब्दांतून काही कळत नाही. टिटवाळ्याचं खरं वैशिष्ट्य असं की काही लोकल इथूनच सुटतात. सकाळी टिटवाळा लोकल पकडणाऱ्याला बसायला मिळण्याची शक्यता असते. कसारा किंवा आसनगावहून येणारी गाडी इथे येईपर्यंत भरलेली असते. फास्ट गाडीने मुंबई सीएसएमटीला जायला साधारण दीड तास लागतो. दोन गाड्यांमधलं अंतर कल्याणपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे एक सुटली की कल्याणला जाऊन गाडी पकडण्याचा विचार करावा लागतो. एजंटाने सकाळी सहा ते नऊ या वेळात टिटवाळ्याहून सुटणाऱ्या गाड्या आणि मागून भरून येणाऱ्या गाड्या अशी दोन भागांत यादी केली आणि वेळापत्रक बदललं की तीही बदलली, तर ती यादी लोक जपून ठेवतात. परतीची शेवटची गाडीही त्यात हवी. दुसऱ्या शिफ्टला काम करणाऱ्याचा निर्णय तिच्यावरच ठरतो.

पावसाळ्याचा विषय एजंट टाळतात, आणि तो टाळण्यातच त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. काळूला पूर आला की सखल भागात पाणी शिरतं, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २६ जुलै २००५ नंतर ते कोणापासून लपलेलं नाही. २२ जुलै २०२१ च्या सुमाराला कसारा घाटात दरडी कोसळल्या, उंबरमाळीला रुळांवर पाणी आलं आणि टिटवाळा ते इगतपुरी वाहतूक बंद ठेवावी लागली. परिसराबद्दल लिहिणाऱ्या एजंटाने ही गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायला हवी. त्या दिवशी बंद पडला तो टिटवाळ्याच्या पुढचा भाग, हे खडवली-वासिंदशी तुलना करणाऱ्याच्या उपयोगाचं आहे. पण बिल्डिंग नदीकडच्या बाजूला असेल, तर गाडी चालू असूनही घराबाहेर पडता येईल का, हा प्रश्न उरतोच. जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. बिल्डिंग या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं. ते उत्तर पोस्टमध्ये देणारा एजंट काही फोन गमावेल. पण ती पार्टी आज ना उद्या शेजारच्या दुकानदाराला विचारणारच असते, आणि तेव्हा टोकन परत मागणारच असते.

भविष्यातल्या प्रकल्पांचंही तसंच. हेदुटणे ते टिटवाळा हा कल्याणचा रिंग रोड एमएमआरडीए टप्प्याटप्प्याने बांधते आहे. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम बरीच वर्षं चालू आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. जाहिरातीत ही तिन्ही नावं एका ओळीत "लवकरच" किंवा "जवळच" या शब्दांसह येतात. त्यातला एक रस्ता वापरात आहे, एक तुकड्या-तुकड्यांत आहे आणि एका मार्गिकेचं काम सुरू आहे. यातलं काय आज वापरता येतं आणि काय अजून नाही, हे वेगवेगळं करून सांगणं हेच परिसरावरच्या चांगल्या मजकुराचं लक्षण.

आता घराच्या आतलं. रिसेलच्या १ बीएचकेची टूर करायची तर आठ जागा पुरतात: लिफ्टबाहेरची लॉबी, मुख्य दार, हॉलचा मध्य, किचनचं दार, बेडरूम, बाथरूमचं दार, बाल्कनी आणि खालचं गेट. कॅमेरा स्टँडवर साधारण पाच फुटांवर, डोळ्यांच्या उंचीला. खाली ठेवला तर ओटा भिंतीसारखा दिसतो, वर ठेवला तर खोली लुटुपुटुची वाटते. एका जागेवरून पुढची जागा दिसली पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला आपण कुठल्या खोलीत आलो ते कळत नाही. सगळे दिवे लावायचे आणि खिडकीबाहेरचा भाग पांढरा पडू नये म्हणून एचडीआर चालू ठेवायचा. इथे खिडकीबाहेर डोंगर आहे की शेजारच्या बिल्डिंगची भिंत, हे लोकांना बघायचंच असतं. कपाटाच्या आरशात कॅमेरा किंवा आपण दिसत नाही ना, तेही तपासायचं.

चुकतं ते मुख्यतः मापात. मोबाइलच्या ०.५ लेन्सने काढलेला दहा फुटांचा हॉल पंधरा फुटांचा वाटतो, आणि ३६० कॅमेराही खोली ताणून दाखवतो. पार्टी प्रत्यक्ष आली की पहिला शब्द असतो, "फोटोत मोठा वाटला होता." म्हणून टूरमध्ये प्रत्येक खोलीवर भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप लिहावं आणि ते टेपने घेतलेलं असावं. फ्लॅट रिकामा असेल तर एक खुर्ची किंवा फोल्डिंगची खाट ठेवावी म्हणजे डोळ्याला अंदाज येतो. किंमत सांगताना सेलेबलऐवजी रेराचं कार्पेट सांगावं. रेरा कायद्यातल्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि स्वतंत्र बाल्कनी धरत नाहीत. त्यामुळे "६५० सेलेबल" म्हणून दाखवलेल्या घराचं कार्पेट चारशेच्या आसपास निघालं, तर त्यात नवल काही नाही. नवल पार्टीला वाटतं, कारण तिला आधी कोणी सांगितलेलं नसतं.

एक तांत्रिक अडचण फार जणांना येते. ३६० अंशांचा फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्याच्यासोबतची "हा गोल फोटो आहे" ही माहिती गळून पडते. समोरच्याला एक लांबट, वाकडातिकडा फोटो दिसतो आणि त्याला वाटतं फोटोच खराब आहे. टूर Kuula सारख्या साइटवर चढवून लिंक पाठवावी, आणि ती स्वतः आधी साध्या फोनवर, वायफाय बंद करून उघडून बघावी. लोकलमधून उघडणाऱ्याकडे सिग्नल तेवढाच असतो.

घरात माणसं राहत असतील तर मालकाची परवानगी लेखी घ्यावी, आणि देवघर, तिजोरीचं कपाट, मुलांचे शाळेचे फोटो, दारावरच्या नावाची पाटी झाकून किंवा काढून मगच कॅमेरा लावावा. लिंक एकदा बाहेर गेली की ती कुठे फिरते यावर आपला ताबा नसतो.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची "टूर" मात्र वेगळीच गोष्ट आहे. ती टूर नसते, ते संगणकावर काढलेलं चित्र असतं. त्यातली भिंतीची जाडी, खिडकीचा आकार, खालचं मोकळं मैदान हे सगळं आश्वासन असतं. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची. कलम १० नुसार एजंटालाही खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगता येत नाही. म्हणून अशा चित्रावर "संगणकीय चित्र" असं ठळक लिहावं आणि त्याशेजारी आज साइटवर काढलेला, तारीख घातलेला व्हिडिओ ठेवावा. किती स्लॅब पडले हे दिसलं की गंभीर पार्टी स्वतःच पझेशनचा हिशेब करते.

कागदपत्रांचा भाग टिटवाळ्यात कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण मांडा-टिटवाळा भागात अनधिकृत चाळी आणि बिल्डिंगांवर महापालिकेची कारवाई वारंवार होते. महारेराची नोंदणी नसलेल्या आणि नोंदणी सक्तीच्या असलेल्या प्रकल्पातला फ्लॅट एजंटाने विकणं हाच रेरा कायद्याचा भंग आहे. २०२४ च्या सुरुवातीपासून एजंटाला परीक्षा देऊन मिळालेलं प्रमाणपत्रही लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड सक्तीचा झाला, नसेल तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत. पण नोंदणी क्रमांक दाखवला म्हणजे काम संपलं, असं कल्याण-डोंबिवलीत म्हणता येत नाही. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ बिल्डिंगांची महारेरात नोंदणी झाली आणि त्यांत लोकांनी कर्ज काढून घरं घेतली, हे इथेच घडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्या घरांतल्या कुटुंबांनी क्रमांक बघूनच पैसे भरले होते. म्हणून एजंटाने बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख महापालिकेत पडताळून घ्यावी, आणि रेडी बिल्डिंग असेल तर ओसीची प्रत टूरच्या लिंकसोबतच ठेवावी. परिसराच्या व्हिडिओला जे वजन येतं, ते या कागदामुळे टिकतं.

आता पात्र चौकशी कोणती, ते एका हिशेबाने बघू. समजा मांड्यात ३२ लाखांचा रिसेल फ्लॅट आहे आणि पार्टी म्हणते, "तीन-साडेतीन लाख जवळ आहेत, बाकी लोन." तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, म्हणजे २८ लाख ८० हजार. स्वतःचे राहिले ३ लाख २० हजार. इथपर्यंत पार्टीचा अंदाज बरोबर. पण मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर २ लाख २४ हजार, नोंदणी शुल्क १ टक्का पण कमाल मर्यादेमुळे ३० हजार, एजंटाचे २ टक्के म्हणजे ६४ हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजारांपर्यंत. स्वतःच्या ३ लाख २० हजारांसह बेरीज ६ लाख ६३ हजार. हे जास्तीचे खर्च बँक साधारणपणे घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे साडेतीन लाख घेऊन आलेल्या माणसाला साइट व्हिजिटला नेणं म्हणजे त्याचा आणि आपला रविवार वाया घालवणं, आणि त्याच्या मनात नसती आशा लावणं. हा हिशेब त्या फ्लॅटच्या टूरखालीच, आकड्यांसकट लिहिला, तर ज्याच्याकडे पावणेसात लाख आहेत किंवा जमवता येतील तोच फोन करतो. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात यात जीएसटी येतो: ४५ लाखांपर्यंतच्या आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आतल्या घराला १ टक्का, त्यावरच्याला ५ टक्के. ओसी मिळालेल्या घराला तो नाही.

फोन आल्यावर विचारायच्या गोष्टीही मग कमी उरतात. स्वतःचे पैसे किती, बँकेने पात्रता दिली आहे का, घर कधीपर्यंत हवं, आणि रस्त्याचा व्हिडिओ पाहिला का. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. पाहिला नसेल तर व्हिजिट ठरवण्याआधी लिंक पाठवायची. फेसबुकवर जाहिरात देत असाल तर फॉर्ममध्ये More volume ऐवजी Higher intent निवडा. त्यात भरलेली माहिती पाठवण्याआधी पुन्हा बघून खात्री करावी लागते, त्यामुळे चुकून बोट लागलेले लोक गळतात.

फोनांची संख्या कमी होईल आणि पहिल्या महिन्यात धाकधूक वाटेल. मोजायचं ते वेगळं: किती फोनांतून व्हिजिट झाली आणि किती व्हिजिटमधून टोकन आलं. साध्या वहीत दोन रकाने करून, फोन कुठून आला तेवढं लिहिलं तरी तीन महिन्यांत फरक दिसतो. दिसला नाही, तर बहुतेक वेळा टूर चांगली असते पण रस्ता, पाणी किंवा खर्च यांतलं काहीतरी लपवलेलं असतं, आणि पार्टी नेमकं त्याच कारणाने व्हिजिटनंतर गप्प होते. त्या गप्प झालेल्या पार्ट्यांना आठवड्याने फोन करून "काय पटलं नाही?" एवढं विचारलं, तर पुढचा व्हिडिओ कशावर करायचा ते कळतं.

टूरमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी उरतातच. नळाला पाणी किती वाजता आणि किती जोराने येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, रात्री मालगाडीचा आवाज किती येतो, अंगारकीला मंदिराच्या रस्त्यावर रिक्षा बाहेर निघते का. पार्टी व्हिजिटला येते ती यांसाठी. म्हणून व्हिजिट रविवारी दुपारी न ठेवता, पाणी येण्याच्या वेळेला किंवा संध्याकाळच्या लोकलने ठेवावी, आणि घर बघून झाल्यावर पार्टीला सोसायटीतल्या एखाद्या जुन्या रहिवाशाशी पाच मिनिटं एकटं बोलू द्यावं.